दोनशे मिलिलिटर दुधाचा अर्थ: सांख्यिकीय सार्थकता आणि गोठ्यातले महत्त्व वेगळे मांडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात पशुआहारावर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा हा शोधनिबंध. ओळख पटू नये म्हणून महाविद्यालय, गावे आणि पूरक खाद्याचे नाव दिलेले नाही, आणि आकडे त्यांचे परस्परांशी असलेले नाते न बिघडवता थोडे बदलले आहेत.

प्रश्न साधा होता. दुभत्या म्हशीला रोजच्या खुराकात खनिज मिश्रण आणि यीस्ट असलेले पूरक घातले, तर दूध वाढते का? करवीर, कागल आणि पन्हाळा तालुक्यांतल्या दूध संस्थांच्या सभासदांकडून ६४० म्हशी निवडल्या. एका घरातली एकच म्हैस घेतली, कारण एका गोठ्यात दोन म्हशी असल्या की एकीचे पूरक दुसरीच्या पाटीत जाते. प्रत्येक गावात चिठ्ठ्या टाकून निम्म्या म्हशींना पूरक दिले, निम्म्यांना नेहमीचाच खुराक. व्याल्यानंतर साधारण महिन्याने सुरुवात करून ९० दिवस, रोज ७५ ग्रॅम. दूध मोजले ते गोठ्यातल्या धारेचे, संस्थेत घातलेले नव्हे. संस्थेच्या स्लिपवर घरी चहाला ठेवलेले दूध येत नाही, आणि ते घरोघर वेगवेगळे असते.

शेवटच्या पंधरा दिवसांच्या सरासरीत पूरक न दिलेल्या म्हशी ६.४२ लिटरवर होत्या, पूरक दिलेल्या ६.६२ वर. सुरुवातीचे दूध हिशेबात धरूनही फरक ०.२० लिटरच राहिला. प्रमाण त्रुटी ०.०६५६ लिटर, पी-मूल्य ०.००२. फॅट आणि एसएनएफमध्ये दखल घेण्याजोगा फरक नव्हता, म्हणून दोन्ही गटांच्या दुधाला लिटरमागे एकच भाव धरता येत होता.

याच अभ्यासात एक उपप्रश्नही होता: पूरकामुळे म्हशी वेळेत गाभण राहतात का? पण कृत्रिम रेतनाची आणि गर्भतपासणीची नीट नोंद चारच गावांत होती. त्यामुळे इथे फक्त ८४ म्हशी उरल्या, प्रत्येक गटात ४२. व्याल्यापासून १५० दिवसांत पूरकाच्या गटात २४ गाभण राहिल्या, दुसऱ्या गटात १७. पी-मूल्य ०.१३.

मसुद्यात काय होते

चर्चेच्या पहिल्या मसुद्यातली दोन वाक्ये अशी:

"पूरकामुळे दूध उत्पादनात अत्यंत लक्षणीय वाढ झाली (पी = ०.००२), त्यामुळे जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी या पूरकाचा वापर करावा अशी शिफारस करण्यात येते. गर्भधारणेवर पूरकाचा परिणाम आढळला नाही (पी = ०.१३)."

नियतकालिकाच्या समीक्षकाने परत पाठवताना एका ओळीत विचारले: परिणामाचा आकार कुठे आहे? विद्यार्थिनीने सॉफ्टवेअरमधून कोहेनचा डी काढला, तो ०.२४ आला, आणि वाक्यात घातला: "अत्यंत लक्षणीय वाढ झाली (पी = ०.००२, डी = ०.२४, लहान परिणाम)." शिफारस तशीच राहिली. गर्भधारणेच्या वाक्याला तर हातही लावला नाही.

म्हणजे मागितलेला आकडा आला, पण त्याने चर्चेत काहीच बदलले नाही. उलट वाक्य विचित्र झाले. एकाच ओळीत वाढ "अत्यंत लक्षणीय" आणि "लहान", आणि लगेच पुढे ती वापरा अशी शिफारस. ७५ ग्रॅमला किती पैसे पडतात, हे चर्चेत कुठेच नव्हते.

इथे मराठीचा स्वतःचा एक सापळा आहे. "लक्षणीय" या शब्दाचा रोजचा अर्थ डोळ्यात भरण्याइतका, बराच मोठा. सांख्यिकीच्या पाठ्यपुस्तकांत वापरला जाणारा "सार्थक" हा शब्दही निर्धोक नाही, कारण जन्माचे सार्थक झाले म्हणतो तेव्हा आपण मोल झाल्याचेच बोलतो. "सांख्यिकीदृष्ट्या" हे विशेषण गाळले की दोन्ही शब्द लगेच मोठेपणाच्या अर्थाला जाऊन चिकटतात. पी-मूल्य एवढेच सांगते की खरा फरक शून्य असता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने कितपत दिसला असता. फरक किती मोठा, किती मोलाचा, याबद्दल ते काही बोलत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्यावर काढलेल्या निवेदनात हे स्वतंत्र तत्त्व म्हणून लिहिले आहे.

समोर असलेले पर्याय

मार्गदर्शक सर, विद्यार्थिनी आणि संस्थांना सेवा देणारे पशुवैद्यक डॉक्टर एकत्र बसले, तेव्हा चार वाटा पुढे आल्या.

पहिली, आहे तसे ठेवावे: समीक्षकाने डी मागितला, तो दिला. दुसरी, "लक्षणीय" हा शब्द काढून कोहेनच्या पट्टीप्रमाणे "लहान परिणाम" एवढेच म्हणावे. तिसरी, शेतकऱ्याच्या दृष्टीने किमान किती लिटर वाढ उपयोगाची, हे ठरवून विश्वास-अंतराल त्या उंबरठ्याशी ताडून पाहावे. चौथी, त्याच उंबरठ्याच्या आधारे समतुल्यतेची औपचारिक चाचणी लावावी.

पहिली वाट सरांनी लगेच सोडली. चौथी थोडा वेळ आकर्षक वाटली, पण उंबरठा प्रयोगाआधी नोंदवलेला नव्हता. आकडे हाती आल्यावर उंबरठा ठरवून त्यावर "चाचणी उत्तीर्ण" किंवा "अनुत्तीर्ण" असा शिक्का मारणे योग्य झाले नसते.

खरी चर्चा दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर झाली, कारण दुसरी सोपी होती आणि समीक्षकही बहुधा तेवढ्यावर समाधानी झाला असता.

डी नावाच्या आकड्यात काय दडले होते

जेकब कोहेन यांनी ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा ही पट्टी दिली, ती दुसरा कोणताही आधार नसेल तेव्हा वापरण्यासाठी. त्याबद्दल त्यांनी स्वतःच सावध केले होते. इथे आधार होता: लिटर, रुपये, दिवस. तो सोडून पट्टी का धरायची, हा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप जास्त खोल होता आणि तो डॉक्टरांच्या एका साध्या प्रश्नातून निघाला: "हा ०.२४ कशाने भागून आला?"

डी म्हणजे फरक भागिले प्रमाण विचलन. पण विचलन कोणते? सॉफ्टवेअरने वापरलेले विचलन होते ०.८३ लिटर. सुरुवातीचे दूध हिशेबात घेतल्यावर जी अनियमितता शिल्लक राहते, ती एवढी होती. ०.२० भागिले ०.८३ म्हणजे ०.२४. पण गावातल्या म्हशींच्या दुधात प्रत्यक्ष दिसणारा चढउतार १.९ लिटरचा होता. कोणी चार लिटरवर, कोणी नऊवर. त्याने भागले तर डी येतो ०.११, म्हणजे कोहेनच्या "लहान"च्याही खाली.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ०.११ सांगतो की गावातल्या म्हशींमध्ये मुळातच जेवढा फरक असतो, त्यापुढे पूरकाचा वाटा किती. ०.२४ सांगतो की आधीचे दूध माहीत असताना उरणाऱ्या अनियमिततेपुढे तो किती. ही दुसरी संख्या प्रयोगाच्या रचनेवर अवलंबून असते. सुरुवातीचे दूध जितके नेमके मोजले, तितके शिल्लक विचलन घटते आणि डी फुगतो. म्हशीने मात्र एक थेंबही जास्त दिलेला नसतो.

हेच पूरक एखाद्या मोठ्या फार्मवर, एकाच वयाच्या, एकाच चाऱ्यावरच्या म्हशींना दिले आणि तिथले विचलन १.० लिटर निघाले, तर त्याच ०.२० लिटरचा डी ०.२० होईल. ते दोनशे मिलिलिटर शेतकऱ्याच्या किटलीत दोन्हीकडे सारखेच पडतात.

म्हणून ठरले की चर्चेत मुख्य आकडा लिटरमध्येच राहील. डी दिला जाईल तो दुसऱ्या अभ्यासांशी तुलना करणाऱ्यांसाठी, आणि तोही कोणत्या विचलनाने भागला हे सांगून. "लहान", "मध्यम" ही लेबले काढून टाकली. "अत्यंत लक्षणीय" जितके दिशाभूल करते, तितकेच "लहान परिणाम"ही करते. जिथे पूरक फुकट मिळते, तिथे रोजचे दोनशे मिलिलिटर काही लहान नव्हेत.

उंबरठा कसा ठरला

पूरकाचा भाव किलोला १२० रुपये होता. रोज ७५ ग्रॅम म्हणजे दिवसाला ९ रुपये. संस्थेच्या दरपत्रकाप्रमाणे त्या म्हशींच्या दुधाला लिटरमागे सरासरी ५० रुपये पडत होते. ९ भागिले ५०: खर्च भरून निघायला रोज ०.१८ लिटर वाढ लागते. हाच उंबरठा.

इथे एक अडचण होतीच. निकाल माहीत असताना ठरवलेला उंबरठा कोणत्याही बाजूला झुकवता येतो. त्यावर दोन गोष्टी केल्या. भाव आणि दर प्रयोग सुरू झाला त्या महिन्याच्या पावतीवरून आणि दरपत्रकावरून घेतले, नंतरच्या सोयीच्या तारखेचे नाहीत. आणि हिशेब डॉक्टरांनी केला. त्यांनी तोवर गटांचे आकडे पाहिलेले नव्हते. उंबरठा आधी नोंदवलेला नव्हता, हे तरीही निबंधात स्पष्ट लिहिले.

मग अंतराल रुपयांत बदलले. विद्यार्थिनीने R मध्ये केलेले काम एवढेच:

```r
farak <- 0.20; se <- 0.0656
dar <- 50; kharch <- 9
ci <- farak + c(-1, 1) * 1.96 * se
round(ci, 2)                  # 0.07  0.33
round(ci * dar - kharch, 2)   # -5.43  7.43
```

दुधाची वाढ ०.०७ ते ०.३३ लिटर. शून्य या अंतरालाच्या बाहेर आहे, म्हणून पी-मूल्य लहान. पण ०.१८ जवळजवळ मध्यभागी आहे. रोजच्या हिशेबात मधला आकडा १ रुपया नफा, आणि अंतराल साडेपाच रुपये तोट्यापासून साडेसात रुपये नफ्यापर्यंत. "वाढ शून्य आहे का?" या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीने ठामपणे दिले होते. "वाढ खर्चाहून जास्त आहे का?" या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नव्हते. दहा दिवसांचे बिल हातात घेणाऱ्या माणसाला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते.

६४० म्हशींचा प्रयोग असूनही असे का व्हावे, असे विद्यार्थिनीला वाटले. कारण सरळ आहे. नमुना मोठा असला की अंतराल अरुंद होते, आणि खरा फरक थोडा जरी असला तरी शून्य बाहेर पडते. उंबरठा अंतरालाबाहेर पडायचा, तर खरा फरक त्या उंबरठ्यापासून पुरेसा दूर असावा लागतो. इथे तो त्याच्या अगदी शेजारी होता. नमुना दुप्पट केला असता तर पी-मूल्य आणखी खाली गेले असते आणि मसुद्यातला "अत्यंत" आणखी पक्का झाला असता. रोजचा नफा मात्र त्या एका रुपयाच्या आसपासच राहिला असता.

गाभण म्हशींचा प्रश्न

या प्रकरणातली सर्वात मोठी चूक दुधाच्या वाक्यात नव्हती. ती गर्भधारणेच्या वाक्यात होती, आणि समीक्षकाच्याही नजरेतून ती सुटली होती.

४२ पैकी २४ म्हणजे ५७ टक्के. ४२ पैकी १७ म्हणजे ४० टक्के. फरक जवळपास १७ टक्के-बिंदूंचा. त्याचे विश्वास-अंतराल उणे ४ पासून अधिक ३८ पर्यंत. एवढे रुंद अंतराल समोर असताना "परिणाम आढळला नाही" हे वाक्य वाचणारा "परिणाम नाही" असेच समजतो. आकडे मात्र सांगत होते की किंचित तोट्यापासून प्रचंड फायद्यापर्यंत काहीही शक्य आहे, ८४ म्हशींवरून यापुढे सांगता येत नाही.

डॉक्टरांनी इथेही व्यवहाराचा हिशेब मांडला. वेळेत गाभण न राहिलेल्या म्हशीचे साधारण तीन माज वाया जातात असे त्यांनी धरले. म्हशीचा माज साधारण २१ दिवसांनी येतो, म्हणजे ६३ दिवस. तेवढे दिवस ती पुढच्या वेताआधी आटलेली उभी राहते, आणि दूध नसताना वैरण, पेंड व मजुरी मिळून रोज १२० रुपये जातात. एकूण ७,५६० रुपये. ९० दिवस पूरक द्यायला एका म्हशीमागे ८१० रुपये. ८१० भागिले ७,५६० म्हणजे सुमारे ११ टक्के. पूरकाचा सगळा खर्च गर्भधारणेच्या फायद्यातूनच काढायचा म्हटले, तरी ११ टक्के-बिंदूंची वाढ पुरे.

दिसलेला फरक १७ होता, उंबरठा ११. मधला आकडा उंबरठ्याच्या चांगलाच वर, पण अंतराल दोन्ही बाजूंना पसरलेले. म्हणजे जो निकाल "नाही" म्हणून एका ओळीत निकाली निघाला होता, त्यातच शेतकऱ्याच्या दृष्टीने जास्त पैसा असण्याची शक्यता होती. आणि ज्यावर शिफारस उभी होती, तो खर्चाच्या काठावर बसलेला होता.

पहिल्या हिशेबात विद्यार्थिनीकडून एक घोटाळा झाला, तो सांगायला हवा. तिने ८१० रुपये दुधाच्या खात्यावरही टाकले आणि गर्भधारणेच्याही. दोन वेगळ्या प्रश्नांचे दोन वेगळे उंबरठे म्हणून ते चालते. पण दोन्ही फायदे एकत्र मोजताना खर्च एकदाच धरायचा. दुधातून ९० दिवसांत मधल्या आकड्याने ९०० रुपये येतात, म्हणजे खर्च तिथेच भागतो आणि गर्भधारणेतले जे काही असेल ते वरचे. दूध अंतरालाच्या खालच्या टोकावर, ०.०७ लिटरवर धरले तर ३१५ रुपयेच येतात, ४९५ कमी पडतात. ते भरून काढायला गर्भधारणेत साडेसहा टक्के-बिंदूंची वाढ लागते. चर्चेत दोन्ही उंबरठे दिले आणि ते बेरजेचे नाहीत, असे लिहिले.

चर्चा पुन्हा कशी लिहिली

प्रत्येक निकाल तीन टप्प्यांत मांडला, ठरलेल्या क्रमाने. आधी फरक मूळ एककात आणि अंतराल. मग सांख्यिकीय सार्थकता, तिच्या पूर्ण नावाने, कोणत्याही विशेषणाशिवाय. मग नव्या वाक्यात व्यवहारातले महत्त्व, उंबरठा आणि तो कुठून आला हे सांगून. एकाच वाक्यात दोन्ही येणार नाहीत असा नियम सरांनी घातला, कारण मधे "त्यामुळे" आला की पी-मूल्यावरून थेट शिफारशीवर उडी पडते.

दुधाचा परिच्छेद असा झाला:

"पूरक दिलेल्या म्हशींचे दूध दिवसाला ०.२० लिटरने जास्त होते (९५ टक्के विश्वास-अंतराल ०.०७ ते ०.३३ लिटर). हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थक आहे (पी = ०.००२). पूरकाचा खर्च दिवसाला ९ रुपये आणि दुधाचा दर ५० रुपये धरल्यास खर्च भरून निघण्यासाठी ०.१८ लिटर वाढ लागते. अंतराल या मर्यादेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असल्याने केवळ दुधाच्या वाढीसाठी पूर्ण किमतीत पूरक घेणे फायद्याचे आहे की नाही, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. पूरक निम्म्या किमतीत मिळाल्यास ही मर्यादा ०.०९ लिटर होते आणि अंतरालाचा बहुतांश भाग तिच्या वर येतो."

शेवटचे वाक्य डॉक्टरांच्या आग्रहाने आले. दर बदलतात, अनुदान येते-जाते. वाचकाला आपल्या गावचा दर घालून हिशेब करता आला पाहिजे. लिटर आणि अंतराल छापलेले असले तरच ते जमते. नुसता डी छापला असता, तर दर ४५ रुपये झाल्यावर उंबरठा ०.२० होतो, एवढेही कोणाला काढता आले नसते.

गर्भधारणेचा परिच्छेद:

"१५० दिवसांत गाभण राहण्याचे प्रमाण पूरकाच्या गटात ५७ टक्के, दुसऱ्या गटात ४० टक्के होते (फरक १७ टक्के-बिंदू, अंतराल −४ ते ३८). हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थक नाही (पी = ०.१३). तरीही केवळ या फायद्यातून खर्च भरून काढणारी ११ टक्के-बिंदूंची वाढ आणि त्याहून बरीच मोठी वाढही अंतरालात बसते. पूरकाचा गर्भधारणेवर परिणाम नाही असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही, आहे असाही नाही."

पुढे काय झाले

समीक्षकाने दुसऱ्या फेरीत विचारले: पी-मूल्य ०.००२ असताना शिफारस का मागे घेतली? उत्तरात त्यांनी नवे काही मांडले नाही, उंबरठ्याची ओळ आणि अंतराल पुन्हा दाखवले. शून्याशी केलेली तुलना आणि ०.१८ शी केलेली तुलना या दोन वेगळ्या आहेत, आणि ०.१८ शी तुलना केली तर पी-मूल्य ०.७६ येते, एवढे एक वाक्य जोडले. ते मान्य झाले.

एक गोष्ट मात्र निसटली. चर्चा बदलली, सारांश जुनाच राहिला. "दूध उत्पादनात लक्षणीय वाढ" ही ओळ सारांशात होती आणि मुद्रिते तपासतानाही कोणाच्या लक्षात आली नाही. ती विद्यार्थिनीच्याच एका मैत्रिणीने पकडली, छपाईच्या आदल्या आठवड्यात. दरम्यान त्या जुन्या सारांशावरून बनवलेले पोस्टर एका गावातल्या शेतकरी मेळाव्यात लागले होते, दुधाच्या दोन खांबांवर दोन तारे काढून. ते तारे पी-मूल्याचे होते, पण बघणाऱ्यांनी ते पूरकाच्या दर्जाचे समजले आणि कुठे मिळते अशी विचारणा केली. नव्या पोस्टरवर तारे काढून टाकले. खांबांच्या जागी फरकाचा बिंदू, त्याच्या दोन्ही बाजूंना अंतरालाची रेघ आणि ०.१८ वर एक उभी तुटक रेघ काढली. खाली लिहिले: "रेघेच्या उजवीकडे नफा, डावीकडे तोटा." तिथे पी-मूल्य दिलेच नाही.

वेगळे काय करता आले असते

उंबरठा प्रयोगाआधी ठरायला हवा होता. त्याला लागणारी माहिती पहिल्याच दिवशी हाताशी होती: पूरकाची पावती आणि संस्थेचे दरपत्रक. अर्ध्या तासाचे काम. ते झाले असते तर समतुल्यतेची चाचणीही लावता आली असती, आणि उंबरठा नंतर ठरवल्याचा खुलासा द्यावा लागला नसता.

डी आपोआप सॉफ्टवेअरकडून घ्यायला नको होता. सुरुवातीचे मोजमाप हिशेबात घेणाऱ्या विश्लेषणात डी कोणत्या विचलनावर काढला जातो, हे प्रत्येक पॅकेजमध्ये वेगळे असते. आउटपुटवर ते बऱ्याचदा लिहिलेलेही नसते. फरकाला दोन्ही विचलनांनी हाताने भागून पाहिले की कोणता आकडा आला ते लगेच कळते.

सारांश, पोस्टर, तक्त्याखालची टीप आणि निष्कर्ष या चारही जागी "लक्षणीय" आणि "सार्थक" हे शब्द शोधून एकेक तपासायला हवे होते. चर्चा दुरुस्त करताना माणसे बहुतेक वेळा चर्चेपुरतेच पाहतात.

शेवटची गोष्ट जास्त चुटपुट लावणारी आहे. गर्भधारणेचा प्रश्न पुढच्या अभ्यासात घ्यायचा ठरल्यावर विद्यार्थिनीने नमुन्याचा आकार काढला. एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ५१ टक्के, म्हणजे उंबरठ्याएवढाच ११ बिंदूंचा फरक, पाच टक्के सार्थकता पातळीवर, ८० टक्के शक्तीने पकडायला प्रत्येक गटात किती म्हशी लागतील? उत्तर आले सुमारे ३२०. पहिल्या प्रयोगात प्रत्येक गटात नेमक्या ३२० म्हशी होत्या. रेतन आणि गर्भतपासणीची वही चार गावांऐवजी सगळ्या गावांत ठेवली असती, तर दुसरा प्रयोग लागलाच नसता.